६४, ४०९६ की ११? चार शिरोबिंदूंचे ग्राफ मोजताना झालेला घोळ

पार्श्वभूमी

ग्राफ सिद्धांत नुकताच शिकू लागलेल्या तीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. दिलेला ग्राफ द्विभाजित आहे की नाही, एवढंच तो सांगायचा. शिरोबिंदूंचे दोन गट पाडता आले आणि प्रत्येक कड एका गटातून दुसऱ्या गटात जात असली, म्हणजे एकाच गटाच्या आत एकही कड नसली, तर तो ग्राफ द्विभाजित. प्रोग्रॅमची पद्धत नेहमीची होती. पहिल्या शिरोबिंदूला लाल रंग द्यायचा, त्याच्या शेजाऱ्यांना निळा, त्यांच्या शेजाऱ्यांना पुन्हा लाल, असं पुढे जात राहायचं. एखाद्या कडेच्या दोन्ही टोकांना एकच रंग आला तर उत्तर 'नाही'.

हाताने काढलेल्या काही ग्राफांवर प्रोग्रॅमने बरोबर उत्तरं दिली. पण चाचणीसाठी ग्राफ निवडणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे एकच असले की दोन्हीकडे एकच गोष्ट नजरेतून सुटू शकते. म्हणून ठरलं की लहान n साठी n शिरोबिंदूंचे सगळेच्या सगळे साधे ग्राफ प्रोग्रॅमला द्यायचे. साधा ग्राफ म्हणजे दोन शिरोबिंदूंमध्ये जास्तीत जास्त एक कड, कडेला दिशा नाही आणि स्वतःकडेच परत येणारी कड नाही. शिरोबिंदूंना १, २, ३, ४ अशी ठरलेली लेबलं होती. त्यामुळे फक्त १ आणि २ जोडलेला ग्राफ आणि फक्त ३ आणि ४ जोडलेला ग्राफ हे दोन वेगळे ग्राफ.

प्रोग्रॅम सेकंदाला साधारण एक लाख ग्राफ तपासत होता. एकूण ग्राफ किती, हे कळलं की किती वेळ लागेल तेही कळणार होतं.

अडचण

n = ४ साठी तिघांनी आपापली मोजणी केली आणि तीन उत्तरं आली: ४०९६, ६४ आणि ११.

हा फरक नुसता कागदावरचा नव्हता. त्यांना n = ७ पर्यंत जायचं होतं. ४०९६ ज्या विचारातून आले, तोच विचार सात शिरोबिंदूंना लावला तर 2⁴² ग्राफ होतात, म्हणजे चार लाख कोटींहून जास्त. सेकंदाला एक लाखाच्या वेगाने त्याला सुमारे ५०९ दिवस लागले असते. ६४ च्या विचाराने सात शिरोबिंदूंचे ग्राफ होतात 2²¹, म्हणजे २०,९७,१५२, आणि त्यांना लागतात २१ सेकंद. एका मोजणीनुसार सगळे ग्राफ तपासण्याचा बेत सोडून द्यावा लागत होता, तर दुसरीनुसार तो चहूबाजूंनी सोपा होता.

तिन्ही उत्तरांमागचा विचार

४०९६ काढणाऱ्याचं म्हणणं असं: प्रत्येक शिरोबिंदूला उरलेल्या तिघांशी जोडता येतं, म्हणून चार त्रिक बारा जोडण्या. प्रत्येक जोडणी असेल किंवा नसेल, म्हणून 2¹², म्हणजे ४०९६. 'असेल किंवा नसेल' इथपर्यंत सगळं बरोबर आहे. चूक बारामध्ये आहे. १ कडे उभं राहून २ ची जोडणी मोजली आणि नंतर २ कडे उभं राहून १ ची मोजली. साध्या ग्राफात ती एकच कड आहे. ४०९६ हा आकडा अगदीच निरर्थक नाही. कडांना दिशा असती, आणि १ कडून २ कडे व २ कडून १ कडे अशा दोन वेगळ्या कडा चालल्या असत्या, तर तेच उत्तर बरोबर ठरलं असतं. म्हणजे मोजणी नीट झाली होती, पण दुसऱ्याच प्रकारच्या ग्राफांची.

६४ काढणारीने चार शिरोबिंदूंच्या जोड्या सरळ लिहून काढल्या: १-२, १-३, १-४, २-३, २-४, ३-४. सहा जोड्या, प्रत्येकीबद्दल एकच निर्णय, म्हणून 2⁶, म्हणजे ६४.

तिसऱ्याने आकृत्या काढल्या. एकही कड नाही, एक कड, एका शिरोबिंदूत मिळणाऱ्या दोन कडा, एकमेकींपासून सुट्या दोन कडा, असं करत त्याच्या अकरा आकृत्या झाल्या. लेबलं पुसून फक्त आकार पाहिला तर ११ हे उत्तर अचूक आहे. त्याने मोजलं ते बरोबरच, फक्त 'दोन ग्राफ एकच कधी मानायचे' याचा त्याचा नियम वेगळा होता.

कोणता पर्याय घ्यायचा

पहिला निर्णय लवकर झाला. त्यांच्या प्रोग्रॅमला दिशा नसलेल्या कडाच द्यायच्या होत्या, त्यामुळे ४०९६ बाद झाले. खरा प्रश्न ६४ की ११ हा होता, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

अकराच्या बाजूने मुद्दा वजनदार होता. द्विभाजित असणं हा गुण लेबलांवर अवलंबून नाही. शिरोबिंदूंची नावं बदलली तरी उत्तर बदलत नाही. मग एकाच आकाराचे बारा-बारा ग्राफ तपासायचे कशाला? सात शिरोबिंदूंना तर आकार फक्त १०४४ आहेत.

याला दोन उत्तरं होती. एक व्यवहारातलं: प्रत्येक आकार नेमका एकदाच काढून देणं हे स्वतःच अवघड काम आहे. दोन ग्राफ एकाच आकाराचे आहेत का, हे तपासणारा वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागतो, आणि मग त्याचीही चाचणी घ्यावी लागते. लेबलवाले ग्राफ मात्र जोड्यांच्या यादीवरून थेट तयार होतात. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं ठरलं. द्विभाजित असणं लेबलांवर अवलंबून नसलं, तरी प्रोग्रॅमची चूक लेबलांवर अवलंबून असू शकते. प्रोग्रॅम 'पहिल्या' शिरोबिंदूपासून सुरुवात करतो. तो पहिला कोण, हे लेबलच ठरवतं.

म्हणून लेबलवाले सगळे, म्हणजे ६४ ग्राफ तपासायचं ठरलं.

पहिलं काम: जोड्या नीट मोजणं

सगळ्या जोड्या कडांनी भरल्या की पूर्ण ग्राफ Kₙ मिळतो. म्हणून Kₙ च्या कडा मोजणं आणि साध्या ग्राफात किती निर्णय घ्यायचे हे मोजणं, या दोन्हींचं उत्तर एकच येतं. प्रत्येक शिरोबिंदूपासून n − 1 कडा निघतात, अशा n शिरोबिंदूंकडून एकूण n(n − 1) टोकं मोजली जातात, आणि प्रत्येक कडेला दोन टोकं असतात. म्हणून कडा होतात n(n − 1)/2. चाराला ६, पाचाला १०, सहाला १५, सातला २१. ४०९६ च्या मोजणीत राहून गेला तो हा दोनने भाग.

हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही येतो. शिरोबिंदू एकेक करून आणायचे. पहिला येतो तेव्हा जोडायला कोणी नसतं, दुसऱ्याला एक जण भेटतो, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन. ० + १ + २ + ३ = ६. या वाटेत दोनने भागायची गरजच पडत नाही, कारण प्रत्येक जोडी नंतर आलेल्या शिरोबिंदूच्या नावावर एकदाच मोजली जाते. वेळेचा अंदाजही इथूनच निघतो: n शिरोबिंदू असताना आणखी एक आला की n नव्या जोड्या येतात, म्हणून ग्राफांची संख्या 2ⁿ पटीने वाढते. सातावरून आठावर जाताना ती १२८ पट होते, २१ सेकंदांची सुमारे ४५ मिनिटं होतात. नऊला जवळपास आठ दिवस लागतात.

एकूण साध्या ग्राफांची संख्या म्हणून अशी: n = १ ला १, मग २, ८, ६४, १०२४, ३२,७६८ आणि सातला २०,९७,१५२. एका शिरोबिंदूला १ आणि ० नव्हे, कारण एकही कड नसलेला ग्राफ हाही ग्राफच. हा रिकामा ग्राफ नवशिक्यांच्या मोजणीतून हमखास सुटतो आणि उत्तर एकाने कमी येतं.

प्रोग्रॅममध्ये ६४ आणि ४०९६ यांच्यातला फरक एका शब्दाचा होता:

```python
from itertools import combinations, permutations

n = 4
print(2 ** len(list(combinations(range(n), 2))))  # 64
print(2 ** len(list(permutations(range(n), 2))))  # 4096
```

`permutations` मध्ये (0, 1) आणि (1, 0) हे दोन्ही येतात, `combinations` मध्ये त्यातलं एकच. मूळ प्रोग्रॅममध्ये `permutations` राहिलं असतं तर तो चार शिरोबिंदूंवर चालला असता, कुठलीही त्रुटी दाखवली नसती, फक्त तेच ते ग्राफ पुन्हा पुन्हा तपासत बसला असता.

६४ ची पडताळणी कडांच्या संख्येनुसार केली. सहा जोड्यांमधून ० कडा निवडण्याचा १ मार्ग, एका कडेचे ६, दोनचे १५, तीनचे २०, चारचे १५, पाचचे ६ आणि सहाही कडांचा १. बेरीज ६४. त्या अकरा आकृत्यांचाही यात हिशेब लागतो. तीन कडांचे तीनच आकार आहेत: त्रिकोण, ज्याला लेबलं लावायचे ४ मार्ग (बाहेर राहणारा शिरोबिंदू कोण, एवढंच ठरवायचं), एका मध्यावरून तिघांकडे जाणारा तारा, त्याचेही ४ (मध्य कोण), आणि सरळ मार्ग, त्याचे १२ (चौघांच्या २४ रांगा, पण उलट वाचलेली रांग तीच). ४ + ४ + १२ = २०. अकराला कुठल्यातरी ठरावीक संख्येने गुणून ६४ का येत नाहीत, ते इथे दिसतं: प्रत्येक आकाराला लेबलं लावण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत.

दुसरी अडचण: ४२ आणि ८१

आता प्रोग्रॅम सगळ्या ६४ ग्राफांवर चालवला. त्याने सांगितलं, त्यातले ४२ द्विभाजित आहेत.

हे बरोबर आहे का, हे पाहायला गटाने हाताने मोजणी केली. दोन गटांत m आणि n शिरोबिंदू असतील, तर एका गटातला एक आणि दुसऱ्यातला एक अशा जोड्या m × n होतात. त्या सगळ्या कडा असल्या की पूर्ण द्विभाजित ग्राफ Kₘ,ₙ मिळतो, म्हणून त्याच्या कडा mn. इथे दोनने भागायचं नाही. Kₙ मध्ये प्रत्येक कड दोन्ही टोकांकडून मोजली गेली होती. इथे आपण फक्त पहिल्या गटाकडून मोजतो, त्यामुळे प्रत्येक कड एकदाच येते. सवयीने इथेही भागाकार करणं ही दुसरी नेहमीची चूक. ती पकडायला एक सोपी तपासणी आहे: सहा शिरोबिंदू तीन-तीनच्या दोन गटांत वाटले, तर गटांच्या आत ३ आणि ३ जोड्या, गटांमध्ये ९, एकूण १५. K₆ च्या कडाही १५ च. ९ ऐवजी साडेचार लिहिले असते तर बेरीज जुळली नसती.

गटाने पुढे असा हिशेब केला. चार शिरोबिंदू दोन-दोनमध्ये वाटायचे ३ मार्ग, प्रत्येकात ४ जोड्या, म्हणून 2⁴, म्हणजे १६ ग्राफ, एकूण ४८. एक आणि तीन असे वाटायचे ४ मार्ग, प्रत्येकात ३ जोड्या, म्हणून ८ ग्राफ, एकूण ३२. चौघेही एकाच गटात, तो १ ग्राफ. सगळे मिळून ८१.

प्रोग्रॅम ४२ म्हणतो आणि हात ८१. गटाचा पहिला कल प्रोग्रॅमला दोष देण्याकडे होता. पण ८१ तर एकूण ६४ ग्राफांहूनही जास्त आहेत. हा आकडा चुकीचाच असणार, हे कळायला प्रोग्रॅमकडे बघायचीही गरज नाही.

चूक अशी होती की एकाच ग्राफाचे गट अनेक प्रकारे पाडता येतात. गट आधी ठरवून टाकले तर 2^(mn) हा आकडा अचूक आहे. पण वेगवेगळ्या वाटण्यांचे आकडे एकत्र मिळवले की तोच ग्राफ पुन्हा पुन्हा मोजला जातो. रिकाम्या ग्राफाला कुठलीही वाटणी चालते, म्हणून तो ८ वेळा मोजला गेला. एका कडेचा ग्राफ तीन सुट्या तुकड्यांचा असतो. कडेची दोन टोकं विरुद्ध गटांत, उरलेले दोघे हवे तिकडे, म्हणून तो ४ वेळा मोजला गेला. दोन तुकड्यांचा ग्राफ २ वेळा मोजला जातो आणि एकसंध ग्राफ एकदाच.

खरं उत्तर कसं सापडलं

एकूण आकड्यांवर वाद घालत बसण्यापेक्षा कडांच्या संख्येनुसार वेगवेगळं मोजायचं ठरलं. या प्रकरणातला सर्वांत कामाचा निर्णय हाच. ० कडांचा १ ग्राफ द्विभाजित आहे, १ कडेचे सहाही आहेत, २ कडांचे पंधराही आहेत. तीन कडांच्या वीसपैकी ४ त्रिकोण बाद होतात, उरतात १६. चार कडांमध्ये फक्त K₂,₂, म्हणजे चौकोन चालतो आणि तो ३ प्रकारे बसतो. पाच आणि सहा कडांचा एकही नाही, कारण चार शिरोबिंदूंच्या द्विभाजित ग्राफात जास्तीत जास्त कडा K₂,₂ च्या ४ आणि K₁,₃ च्या ३. एकूण १ + ६ + १५ + १६ + ३ = ४१.

८१ चा हिशेबही यातून लागतो: १ × ८, ६ × ४, १५ × २, १६ × १ आणि ३ × १ यांची बेरीज ८१.

म्हणजे हाताची मोजणी चुकली होती, आणि ४२ सांगणारा प्रोग्रॅमही. प्रोग्रॅमकडून कडांनुसार आकडे छापून घेतले तेव्हा बाकी सगळे जुळले, फक्त तीन कडांसमोर १६ ऐवजी १७ होते. त्या सतरा ग्राफांत एक त्रिकोण सापडला: २-३, ३-४, २-४ अशा कडा आणि १ एकटा. प्रोग्रॅम १ पासून सुरू झाला, त्याला शेजारी नाहीत म्हणून तिथेच थांबला आणि 'द्विभाजित आहे' म्हणून मोकळा झाला. उरलेल्या तुकड्याकडे तो गेलाच नाही. बाकीच्या तीन त्रिकोणांमध्ये १ असतो, म्हणून तिथे उत्तर बरोबर आलं.

दुरुस्ती छोटी होती. रंग न मिळालेला शिरोबिंदू शिल्लक असेपर्यंत त्याच्यापासून पुन्हा सुरुवात करायची. मग n = ३ ला ७, चाराला ४१, पाचाला ३७६ आणि सहाला ५१७७ असे आकडे आले. १ ते ७ पर्यंतचे सगळे ग्राफ मिळून एकवीस लाख एकतीस हजारांच्या आसपास होतात, ते साधारण २१ सेकंदांत तपासून झाले. आठाला लागणाऱ्या ४५ मिनिटांतून नवं काही हाती लागेल असं कोणालाच वाटलं नाही, म्हणून तिथेच थांबले.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात चाराऐवजी तीन शिरोबिंदूंपासून करायला हवी होती. तिथे जोड्या ३, ग्राफ ८, आणि आठही पाच मिनिटांत काढता येतात. बाराच्या पद्धतीने तिथे सहा निर्णय, म्हणजे ६४ आले असते, आणि समोर आठच आकृत्या असताना तो आकडा कोणी मान्य केला नसता. प्रोग्रॅमची चूक मात्र तीनला दिसली नसती. तीन शिरोबिंदूंचा द्विभाजित नसलेला ग्राफ एकच, त्रिकोण, आणि त्यात १ असतोच. ती चूक दिसण्यासाठी कमीत कमी चार शिरोबिंदू लागतात. म्हणून मोजणीचं सूत्र पारखायला तीन पुरतात, प्रोग्रॅम पारखायला पुरत नाहीत.

मोजायला बसण्याआधी दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर पहिला वाद झालाच नसता: कडेला दिशा आहे का, आणि लेबलं बदलली तर ग्राफ वेगळा मानायचा का. तिन्ही उत्तरं या दोन प्रश्नांच्या वेगवेगळ्या उत्तरांतून आली होती.

अकरा आकृत्यांचा पर्याय घेतला असता तर काय झालं असतं, हेही पाहण्यासारखं आहे. त्रिकोण आणि एक सुटा शिरोबिंदू ही आकृती चाचणीत आली असती, पण तिला लेबलं लावायच्या चार मार्गांपैकी एकातच चूक दिसते. बहुतेक जण त्रिकोण आधी काढून त्याला १, २, ३ म्हणतात आणि सुट्या बिंदूला ४. तसं झालं असतं तर अकराही चाचण्या यशस्वी झाल्या असत्या आणि प्रोग्रॅम चुकीचाच राहिला असता. पुढे आकारांवरच काम करायचं असेल, तर प्रत्येक आकाराला एक ठरलेलं लेबल देण्याऐवजी तपासण्याआधी लेबलं काही वेळा उलटसुलट करून घ्यावीत, किंवा निदान सुटा शिरोबिंदू एकदा तरी पहिल्या जागी येईल असं पाहावं.